भाच्याचा गुडघा रात्री दुखतो, एमआरआयत मात्र खुब्याला सूज. टीबीची औषधं सुरू करावीत का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही वाळवा तालुक्यातले. माझ्या बहिणीचा मुलगा 15 वर्षांचा आहे, रोज तालमीत जातो. गेल्या दिवाळीनंतर त्याचा उजवा गुडघा दुखायला लागला. तालमीतला पोरगा, त्यामुळे सगळ्यांनी मुका मारच धरला. हळदीचा लेप झाला, शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडून चोळूनही झालं. चोळल्यावर दुखणं उलट वाढलं.

मग गुडघ्याचा एक्स-रे आणि एमआरआय काढला, दोन्ही नॉर्मल. दरम्यान पोरगं लंगडायला लागलं. दुसऱ्या डॉक्टरांनी खुब्याचा एमआरआय करायला सांगितला. रिपोर्टमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेत सूज, खुब्याच्या सांध्यात पाणी, सांध्याचं अस्तर जाड झालंय असं आहे. खाली लिहिलंय, जंतुसंसर्ग, क्षयरोगाची शक्यता. मॅन्टू टेस्ट 14 मिलिमीटर आली. शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, ईएसआर 12 आणि सीआरपी नॉर्मल. डॉक्टर म्हणतात टीबीची औषधं सुरू करू, वर्षभर तरी घ्यावी लागतील. बहीण घाबरून गेलीय. सांगली-मिरजेकडे कुणाचा असा अनुभव आहे का?

तालीमवाला

मामा, घाबरू नका. या वयात रात्री पाय दुखणं म्हणजे वाढीचं दुखणं. आमच्या तालमीतल्या निम्म्या पोरांना असतं. दुधात हळद, रात्री तेल लावून शेक. आणि काही झालं तरी सुई घालून तुकडा काढू देऊ नका, गाठीला लोखंड लागलं की ती पसरते.

फिल्मवाचक

कृष्णाकाठ, मी मिरजेत रेडिओलॉजीत काम करतो. फिल्म पाहिल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण तुमच्या लिहिण्यात काही गोष्टी टीबीशी जुळत नाहीत. म्हणून आधी विचारतो.

दुखणं दिवसा जास्त की रात्री? रात्री झोपेतून उठवतं का? कुठली गोळी दिल्यावर थांबतं, आणि किती वेळात? ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, घरात कुणाला टीबी, यातलं काही आहे का? दोन्ही मांड्या शेजारी शेजारी ठेवून पाहा, उजवी बारीक झालीय का? आणि पोराला उताणं झोपवून गुडघा वाकवा, मग पाऊल बाहेरच्या बाजूला न्या, म्हणजे मांडी आतल्या बाजूला फिरते. तिथे अडतं का?

तालीमवाला, वाढीचं दुखणं खरंच असतं. पण ते साधारण 3 ते 12 वर्षांच्या मुलांना, बहुतेक वेळा दोन्ही पायांना, संध्याकाळी किंवा रात्री होतं आणि सकाळी मूल उड्या मारत असतं. एकाच पायाला, महिनोन्महिने, लंगडण्यासकट असेल तर ते नाव देऊन थांबता येत नाही.

कृष्णाकाठ

डॉक्टर, बहिणीला विचारून लिहितोय.

रात्री एक-दोनच्या सुमाराला उठतो, पाय धरून बसतो. दिवसा कमी असतं. ताप नाही, वजन कमी नाही, घरात कुणाला टीबी नाही. उजवी मांडी बारीक झालीय, टेपने मोजली तर डाव्यापेक्षा 2 सेंटिमीटर कमी भरली. मांडी आत फिरवताना ओरडतो.

गोळीचं म्हणाल तर क्रोसिनने फारसा फरक पडत नव्हता. एका रात्री बहिणीने मेव्हण्यांच्या पाठदुखीतली आयबुप्रोफेनची गोळी अर्धी दिली, तर अर्ध्या-पाऊण तासात झोपला आणि सकाळपर्यंत उठला नाही. तेव्हापासून रोज रात्री तीच मागतो. हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं.

फिल्मवाचक

हीच माहिती सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि बहुतेक केसपेपरांवर ती नसते.

माझ्या मनात ऑस्टिऑइड ऑस्टिओमा आहे. ही हाडातली साधी गाठ, कॅन्सर नाही. ती मोठी होत नाही, पसरत नाही, कॅन्सरमध्ये बदलत नाही. मूळ गाठ, जिला निडस म्हणतात, ती बहुतेक दीड सेंटिमीटरपेक्षा लहान असते. पाच ते पंचवीस वयाच्या मुला-तरुणांत, मुलग्यांमध्ये जास्त, आणि निम्म्याहून जास्त वेळा मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात सापडते.

एवढीशी गाठ इतकी दुखते, कारण ती प्रोस्टाग्लँडिन भरपूर तयार करते आणि तिच्यात बारीक मज्जातंतूही असतात. आयबुप्रोफेनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच थांबवतात, म्हणून इतका स्पष्ट आराम पडतो. पॅरासिटामॉल त्या ठिकाणी फारसं चालत नाही, म्हणून क्रोसिनने भागलं नाही. गोळीने आराम पडला म्हणजे निदान झालं असं मात्र नव्हे. बाकीचं चित्र जुळलं तरच त्या खुणेला वजन येतं.

आता गुडघा का दुखतो? खुब्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या फांद्या गुडघ्याकडेही जातात. त्यामुळे खुब्यातलं दुखणं पोरगं गुडघ्यावर बोट ठेवून दाखवतं. गुडघ्याचा एमआरआय नॉर्मल आला यात नवल नाही, फोटो चुकीच्या जागेचा होता.

एमआरआयबद्दलही सांगतो, कारण गडबड तिथेच होते. ही गाठ नडगीच्या मध्यावर असती तर एक्स-रेवर हाडाची जाड झालेली भिंत दिसली असती. पण मांडीच्या हाडाची मान खुब्याच्या सांध्याच्या पिशवीच्या आत असते. तिथे हाड तसं जाड होत नाही, म्हणून एक्स-रे जवळजवळ नॉर्मल दिसतो. उलट सांध्यात पाणी होतं, अस्तर सुजतं, आणि हाडाच्या मगजात दूरवर सूज पसरते. एमआरआय ही सूज फार छान दाखवतो. सूज इतकी मोठी दिसते की तिच्या मधला आठ मिलिमीटरचा निडस नजरेतून सुटतो. मग रिपोर्टमध्ये संसर्ग, टीबी, कधी कधी तर ट्यूमरचीही शंका येते. आपल्याकडे टीबी खरोखरच जास्त असल्याने ती शंका घेणं गैर नाही. पण मॅन्टू 14 आली म्हणजे टीबीचे जंतू कधी तरी शरीरात आले होते, एवढंच ती सांगते. खुब्यात आज टीबी आहे हे ती सिद्ध करत नाही.

वर्षभराच्या औषधांआधी त्याच खुब्याचा पातळ कापांचा सीटी करून घ्या. आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा की टीबीच म्हणायचा असेल तर तुकडा तपासून पुरावा मिळवता येईल का. कुणाचंही औषध माझ्या शब्दावर सुरू करू नका किंवा बंद करू नका.

सीटीवाली

मी कराडला सीटीवर टेक्निशियन आहे. डॉक्टरांच्या सांगण्यात एक भर घालते, कारण सीटी झाला तरी गाठ सुटते ती आमच्या मशीनवरून.

चिठ्ठीवर नुसतं "सीटी हिप" असलं की बरेचदा दोन्ही खुब्यांचा, मोठ्या चौकटीतला अभ्यास होतो आणि फिल्मवर 5 मिलिमीटरचे काप छापले जातात. आठ मिलिमीटरची गाठ त्यात एका कापात दिसेल न दिसेल. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घ्या: ऑस्टिऑइड ऑस्टिओमाची शंका, फक्त उजवा खुबा, 1 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप, हाडाच्या सेटिंगवर, तिन्ही दिशांनी पुन्हा बांधलेले. चौकट लहान ठेवली की बारकावा वाढतो. कॉन्ट्रास्ट बहुतेक लागत नाही, ते डॉक्टर ठरवतील. आणि फिल्मबरोबर सीडी मागून घ्याच. पुढे पुण्यात कुणी बघायचं म्हटलं तर सीडीवर एकेक काप सरकवून बघता येतो, छापील फिल्मवर ते होत नाही.

तालीमवाला

म्हणजे एमआरआयपेक्षा सीटी चांगला? आम्हाला तर सांगतात एमआरआय सगळ्यात भारी.

सीटीवाली

दादा, स्नायू, लिगामेंट, मगज, नस बघायची तर एमआरआय. हाडातला चुन्याचा बारीक कण बघायचा तर सीटी. या एका आजारात सीटीचं पारडं जड आहे.

द्राक्षबाग

तासगावहून लिहितोय. आमच्या मंडळींना पण हाच आजार झाला होता म्हणून सांगतो. वय 31, गुडघ्याजवळ मांडीच्या हाडात गाठ. खरवडून काढली आणि सिमेंट भरलं. त्याआधी पोटाला महागडी इंजेक्शनं दिली. तुम्ही पण लवकर ऑपरेशन करून टाका, उशीर केला तर हाड मोडतं. आमच्या मंडळींच्या हाडाला पायरी उतरताना तडा गेला होता.

फिल्मवाचक

द्राक्षबाग, वहिनींना झाला तो जायंट सेल ट्यूमर असणार. दोन्ही साध्या गटातल्या गाठी, पण वागणूक अगदी वेगळी, म्हणून एकीचा सल्ला दुसरीला लावता येत नाही.

जायंट सेल ट्यूमर बहुधा हाडाची वाढ पूर्ण झाल्यावर, वीस ते चाळीस वयात येतो. गुडघ्याभोवती किंवा मनगटाजवळ, हाडाच्या टोकाला, सांध्याच्या कूर्चेला भिडेपर्यंत हाड पोखरतो. एक्स-रेवर एका बाजूला सरकलेला काळा पोकळ भाग दिसतो आणि त्याच्या कडेला पांढरी रेघ बहुतेक नसते. तो वाढतो, हाड पातळ करतो, म्हणून तडा गेला. तिथे गोळ्या खाऊन वाट बघणं हा पर्यायच नाही. मोठी खिडकी करून आतून खरवडतात, ड्रिलच्या फिरत्या टोकाने भिंती घासतात, मग सिमेंट किंवा हाड भरतात. तरीही काही जणांत तो त्याच जागी परत येतो, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. सिमेंटच्या कडेला नवी काळी पट्टी रुंद होत चालली तर ती त्याची खूण. क्वचित, शंभरात दोन-तीन जणांत, छातीतही गाठी दिसतात. वहिनींचे एक्स-रे आणि छातीची तपासणी चालू आहे ना?

द्राक्षबाग

पहिल्या वर्षी नेमाने गेलो. नंतर बागेच्या हंगामात राहून गेलं. ती इंजेक्शनं दर चार आठवड्याला होती, डेनोसुमॅब नाव. ऑपरेशनआधी देऊन चूक झाली का? एका डॉक्टरांनी म्हटलं की त्याने गाठ परत यायचा धोका वाढतो.

फिल्मवाचक

चूक म्हणता येणार नाही. त्या इंजेक्शनाने गाठीभोवती हाडाचं कवच तयार होतं. मोठी, सांधा वाचणार नाही अशी गाठ त्यामुळे ऑपरेशनला सोपी होते. पण त्याच कवचात गाठीच्या पेशी अडकून राहतात आणि खरवडताना कुठवर जायचं हे सर्जनला कळत नाही. म्हणून नुसतं खरवडायचंच ठरलं असेल तर आधी इंजेक्शन द्यायचं का, यावर हाडांच्या डॉक्टरांत आजही दोन मतं आहेत. इंजेक्शन चालू असताना कॅल्शियम तपासावं लागतं, आणि दात काढायचा असेल तर आधी सांगावं लागतं, कारण जबड्याचं हाड खराब होऊ शकतं. राहिलेला एक्स-रे या आठवड्यात काढून घ्या. गुडघा दुखो वा न दुखो.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून. मला विशीत नडगीला ऑस्टिऑइड ऑस्टिओमा झाला होता. तेव्हा ऑपरेशनला घरचे तयार नव्हते, डॉक्टरांनी गोळ्यांवर ठेवलं. चार वर्षांनी दुखणं हळूहळू आपोआप थांबलं. त्यामुळे कृष्णाकाठ, ही गाठ स्वतःहून विझू शकते हे लक्षात ठेवा. पण त्या चार वर्षांत रोज रात्रीच्या गोळीने मला पोटात अल्सर झाला. गोळी चुकली की झोप नाही, नोकरीवर डुलक्या. आज कुणी विचारलं तर तो रस्ता घ्या म्हणून मी सांगणार नाही.

कृष्णाकाठ

मंडळी, सीटी झाला. सीटीवाली ताईंनी लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं आमच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही लगेच चिठ्ठी बदलून दिली, राग मानला नाही. रिपोर्ट असा: मांडीच्या हाडाच्या मानेत, आतल्या बाजूच्या भिंतीत 8 मिलिमीटरचा गोल काळा भाग, मध्ये पांढरा ठिपका. सीडीवर मलाही दिसला. निदान ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. टीबीची औषधं सुरू केली नाहीत.

आता दोन मतं आहेत. एक डॉक्टर म्हणतात उघडून हाडाचा तो भाग काढून टाकू, स्क्रू टाकावा लागेल. दुसरे म्हणतात पुण्याला जाऊन रेडिओफ्रिक्वेन्सीने जाळून घ्या. कुठलं चांगलं?

फिल्मवाचक

काळ्या गोलात पांढरा ठिपका हे नेमकं चित्र आहे. हाडात दबून बसलेला जुना पू, म्हणजे ब्रॉडीचा गळू, असाच गोल दिसू शकतो. पण त्याची आतली कड वेडीवाकडी असते आणि आतला तुकडा असलाच तर एका बाजूला. निडसची कड गुळगुळीत आणि ठिपका मध्यावर. शिवाय तुमचा सीआरपी नॉर्मल आहे.

मानेच्या आतल्या बाजूला शरीराचा भार पडतो. तिथलं हाड कापून काढलं तर मान कमजोर होते, म्हणून स्क्रूची भाषा आली. आणि उघडल्यावर आठ मिलिमीटरची जागा बाहेरून ओळखता येत नाही, मग खात्रीसाठी जास्त हाड कापलं जातं, नाहीतर गाठ मागे राहते. या जागेसाठी रेडिओफ्रिक्वेन्सीकडे माझा कल आहे. ही पद्धत 1992 पासून वापरात आहे.

भूल पूर्ण देतात किंवा कमरेतून, कारण निडसला सुई टेकली की फार दुखतं. सीटीच्या टेबलावरच, फोटो बघत बघत, बारीक ड्रिलने निडसपर्यंत रस्ता करतात. तपासणीसाठी तुकडा घेतात. मग इलेक्ट्रोडचं टोक निडसच्या मधोमध ठेवून सुमारे 90 अंश सेल्सियसला पाच-सहा मिनिटं गरम करतात. टोकाभोवती साधारण एक सेंटिमीटर व्यासाचं हाड मरतं. तुमची गाठ 8 मिलिमीटरची, त्यामुळे टोक मध्यापासून थोडं सरकलं तरी कड जिवंत राहू शकते. पहिल्या वेळी दहातल्या साधारण नऊ जणांचं काम होतं. उरलेल्यांना ते परत करता येतं.

जाळणाऱ्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. सुईचा रस्ता मोठ्या नसांपासून आणि रक्तवाहिन्यांपासून दूर कसा ठेवणार? आणि पोराच्या हाडाची वाढीची रेघ अजून उघडी आहे का, असल्यास गाठ तिच्यापासून किती लांब आहे?

तालीमवाला

तुकडा काढणार म्हणजे पसरणार नाही का? आमच्या चुलत्यांचं तसंच झालं.

फिल्मवाचक

चुलत्यांना बहुधा कॅन्सरच असेल, तो सुईने झाला नाही. तरी तुमच्या बोलण्यात खरा भाग आहे. हाडाच्या कॅन्सरची शंका असेल तर बायोप्सीचा रस्ता चुकीच्या जागेतून घेऊ नये, कारण पुढे ऑपरेशनमध्ये तो रस्ताही काढावा लागतो. म्हणून जो सर्जन पुढचं ऑपरेशन करणार, त्याच्याशी ठरवूनच बायोप्सी व्हावी. ऑस्टिऑइड ऑस्टिओमात पसरण्याचा प्रश्नच येत नाही.

कृष्णाकाठ

झालं मंडळी. पुण्यात केलं. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. सुईच्या जागी दोन दिवस ठणका होता, पण रात्रीचं ते दुखणं पहिल्याच रात्री नव्हतं. बहीण म्हणाली, पोरगं सकाळी हलवून उठवावं लागलं. गोळी बंद आहे.

एक गोष्ट खटकतेय. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय, हाडाचे छोटे कण, निदानास अपुरे. मग नक्की काय होतं हे कधी कळणारच नाही का?

फिल्मवाचक

असं बरेचदा होतं. ड्रिलमध्ये निडसचा चुरा होतो, तुकडा नीट येत नाही. सीटीचं चित्र, गोळीचा गुण आणि त्या रात्रीच थांबलेलं दुखणं एकत्र धरून चालायचं. पण कागदावर पुरावा नाही हेही तितकंच खरं, म्हणून पहिलं दीड-दोन वर्ष लक्ष ठेवा. तसंच रात्रीचं दुखणं परत आलं तर नुसती गोळी देऊ नका, पातळ कापांचा सीटी परत करा. ताप आला किंवा सांधा सुजला तर लगेच दाखवा.

तालीमवाला

काटा निघाला एकदाचा. आता पोराला लाल मातीत कधी आणायचं? मोसम तोंडावर आलाय. दुखत नाही म्हणजे झालं ना बरं.

फिल्मवाचक

दुखत नाही म्हणूनच भीती आहे. मानेत ड्रिलचं भोक आहे आणि भोवतीचं हाड मेलेलं आहे, ते भरून यायला वेळ लागतो. चालू द्या, शाळेत जाऊ द्या. पळणं, उड्या, कुस्ती मी तरी तीन महिने नको म्हणेन.

सीटीवाली

आमच्याकडचे एक ऑर्थोपेडिक सर्जन नडगीला सहा आठवड्यांत सोडतात, पण खुब्याच्या मानेला एक्स-रे बघितल्याशिवाय नाही. ज्यांनी केलंय त्यांनाच विचारा.

कृष्णाकाठ

पुण्याच्या डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेत, गावचे म्हणतात सहा. बैठका आत्ता चालतील का हे कुणीच स्पष्ट सांगितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात फॉलोअपला जातोय, तेव्हा विचारून इथे लिहितो.

द्राक्षबाग

मंडळींचा एक्स-रे काढला. सिमेंटच्या बाहेरच्या बाजूला बारीक काळी रेघ आहे म्हणतात, पूर्वीच्या फिल्मशी ताडून बघायचं आहे. जुनी फिल्म माळ्यावरून काढलीय, मंगळवारी घेऊन जातो.

फिल्मवाचक

दोन्ही फिल्म सोबत न्या. सिमेंट बसताना तापतं, त्यामुळे एक-दोन मिलिमीटरची सरळ, न वाढणारी आणि पांढऱ्या कडेची रेघ असू शकते, तिला घाबरायचं नाही. जुन्या फिल्मपेक्षा रुंद दिसली किंवा कड पुसट असली तर सिमेंटभोवतीचा सीटी किंवा एमआरआय मागा.